जांबोटीच्या वळणावरची बाई

[पडद्यावर: पावसाळी रात्र. टेम्पोच्या काचेवर फिरणारा वायपर.]

खानापूर तालुका. कणकुंबीहून जांबोटीकडे येणारा जंगलातला रस्ता. गोव्यात भाजी उतरवून एक रिकामा टेम्पो चोर्ला घाट चढून बेळगावला परत निघालाय. वळणावर हेडलाइट फिरतो आणि उजेडात एक बाई उभी दिसते. फिकट साडी, मोकळे केस, नखशिखान्त भिजलेली.

तुमची नजर आधी कुठं गेली? पायांकडं. उलटे आहेत की सुलटे, ते बघायला.

लेखकानं अजून एक शब्द लिहिलेला नाही, तरी प्रेक्षकानं भुताची अर्धी गोष्ट स्वतःच रचून टाकली. आठ मिनिटांच्या शॉर्टफिल्ममध्ये भीती पहिल्यापासून उभी करायला वेळच नसतो. म्हणून साडी, वळण आणि पाऊस वापरायचे. ते झिजलेले आहेत, हेच त्यांचं भांडवल. प्रश्न एवढाच, की प्रेक्षकानं रचलेल्या त्या अर्ध्या गोष्टीचं पुढं काय करायचं.

हाच प्रसंग आपण पुढं नेऊ.

[पडद्यावर: ड्रायव्हरचा चेहरा, डॅशबोर्डचा उजेड.]

पहिली चार मिनिटं आपण फक्त ड्रायव्हरच्या डोळ्यांनी बघतो. मोबाइलची रेंज जाते, टेम्पो पुढं निघतो, आरशात बाई तिथंच दिसते. मग इंजिन बंद पडतं. कॅमेरा बाईला गुडघ्यांच्या वरच पकडतो, खाली गवत. भयपटात भीती चौकटीबाहेर राहते, आणि इथं चौकटीबाहेर पाय आहेत. ड्रायव्हर सीटखालून लोखंडी पाना काढतो, कारण लोखंड हातात असलं की भूत जवळ येत नाही, असं आजी सांगायची. पाना घट्ट धरून तो खाली उतरतो.

इथं कट. घड्याळ मागं जातं, आणि तोच वेळ आता आपण बाईच्या बाजूनं बघतो.

वडिलांची जुनी स्कूटर पंक्चर झालीय. स्टेपनी आहे, पण नट सोडवायला काही नाही. अर्धा तास एकही गाडी थांबलेली नाही. एक टेम्पो येतो, तिच्यासमोर हळू होतो, पुढं जातो आणि अंधारात थांबतो. दिवे बंद होतात. मग त्यातून एक माणूस उतरतो आणि एक शब्द न बोलता तिच्याकडं चालत येतो. त्याच्या हातात लोखंडी काहीतरी आहे.

तो भयपटात आहे, ती थ्रिलरमध्ये. रस्ता एकच, पाना एकच. त्याच्या हातात तो ताईत आहे, तिच्या नजरेत हत्यार.

[पडद्यावर: बाईच्या मुठीत दगड.]

आल्फ्रेड हिचकॉकनं 1962 मध्ये फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोट झाल्यावर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. आधीच ठाऊक असेल, तर तेच साधं संभाषण तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. आपल्या फिल्ममध्ये दुसऱ्या भागापासून हा हिशेब सुरू होतो. ड्रायव्हर निरुपद्रवी आहे हे आपल्याला कळलंय, बाईला नाही. ती वाकून दगड उचलते. आता आपला जीव तिच्यासाठी नाही, त्याच्यासाठी वरखाली होतो. भूत गेलं तरी भीती गेली नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे. 'सगळं स्वप्न होतं', 'मित्रांनी गंमत केली' असले शेवट इथंच मार खातात. भीतीचं कारण बदललं तर चालतं. भीतीच काढून घेतली, तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं.

तो चार पावलांवर येतो. दगड वर जातो. आणि तिच्या तोंडून निघतं, "पाना हाय काय ओ तुमच्याकडं?" कारण जवळून तिला वस्तू ओळखू आलीय.

टेम्पोचा पाना स्कूटरच्या नटाला बसत नाही, हे खानापुरातला कुठलाही मेकॅनिक सांगेल. बसायलाही नकोच. लहान पाना आणायला ड्रायव्हर परत टेम्पोकडं वळतो, म्हणजे तिच्याकडं पाठ करतो. दगड अजून तिच्या हातात आहे. ही पाठ मला संवादापेक्षा जास्त आवडते.

[पडद्यावर: रस्त्याकडेची स्कूटर, दोन सेकंद.]

कलाटणी आभाळातून पडली असं वाटू नये, म्हणून स्कूटर पहिल्या मिनिटातच दिसली पाहिजे. हेडलाइट तिच्यावरून सरकतो, पण नेमकं तेव्हा ड्रायव्हर फोनवर बायकोशी वाद घालत असतो, त्यामुळं आपलं लक्ष आवाजाकडं. हे जमलंय का, ते तपासता येतं. गोष्ट ठाऊक नसलेल्या पाच-सहा जणांना फिल्म दाखवा आणि चौथ्या मिनिटाला थांबवून विचारा, वाटेत काय काय दिसलं? सगळ्यांनी स्कूटर सांगितली तर शॉट लांब झालाय. पूर्ण बघूनही कुणालाच आठवली नाही, तर तो नसल्यातच जमा. एखाद्याला शेवटी "अरे हो, ती गाडी!" झालं, की माप बरोबर.

दचकवण्याचा मोह मात्र आवरावा. 1942 च्या 'कॅट पीपल'मध्ये रात्री एकटी चालणारी बाई मागच्या पावलांचा कानोसा घेत असते, पावलं थांबतात, आणि हल्ला होणार असं वाटत असतानाच कर्कश आवाज करत एक बस समोर येऊन थांबते. बसच ती, पण थिएटर उडालं. निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या नावावरून ही युक्ती 'ल्यूटन बस' म्हणून ओळखली जाते. आठ मिनिटांत असा खोटा दचका एकदाच चालतो. दुसऱ्यांदा हॉर्न वाजला, की प्रेक्षक घाबरायचं सोडून दिग्दर्शकावर पाळत ठेवू लागतो.

पाय दुसऱ्या भागाच्या पहिल्याच शॉटमध्ये दाखवून टाकावेत. चिखलात रुतलेली, बंद तुटलेली चप्पल. शेवटी 'पण ती खरंच भूत होती' असं जोडायला कुणीतरी सुचवतंच. तसं केलं, तर मधली तिची सगळी भीती खोटी ठरते.

[पडद्यावर: टेम्पोच्या केबिनमध्ये दोघं.]

आता यांनाच प्रेमकथेत बसवू. पाऊस, एकच गाडी, दोन अनोळखी माणसं. प्रेक्षकानं लग्नही लावून टाकलंय. त्याला फक्त अडथळा हवाय, आणि सीमाभागात तो ठरलेला: भाषा. तो विचारतो, "एल्लिगे होगबेक्री?", म्हणजे कुठं जायचंय. तीही कन्नडमध्ये उत्तर देते. दोघं अडखळत, अदबीनं बोलत राहतात. मग रेंज येते, फोन वाजतो, आणि ती म्हणते, "आई, आले गं, पोचतेच." ड्रायव्हर ब्रेकच दाबतो. दोघंही मराठी, आणि दोघांनीही समोरच्याला कन्नड समजून सांभाळून घेतलेलं.

इथली पेरणी म्हणजे दोघांचे चुकीचे उच्चार. बेळगावात, निपाणीत ते पहिल्या वाक्याला पकडले जातील आणि लोक हसू दाबतील. पुण्यातल्या प्रेक्षकाला मात्र कन्नड ते कन्नड. त्याच्यासाठी खूण डोळ्यांना दिसावी लागेल. डॅशबोर्डवर मराठी स्टिकर लावला तर तिलाही तो दिसणार. तिच्या बाजूचा सन व्हायजर खाली आणि त्याच्या मागं स्टिकर असेल, तर तो कॅमेऱ्याला दिसतो, तिला नाही. पण मग प्रेक्षकाला तिच्याआधी कळतं, फोन वाजल्यावरचा धक्का जातो, आणि त्याच्या जागी 'हिला कधी कळणार' ही वाट बघणं येतं. बेळगावच्या आणि पुण्याच्या खेळाला दोन वेगळ्या कॉपी काढायला काहीच हरकत नाही. फरक एका शॉटचा आहे.