काळी पट्टी सरकली

श्रोतेहो, नमस्कार. स्क्रीनशॉट काढून स्लाइडवर कसा लावायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी सांगणार आहे ते त्यावरची खासगी माहिती झाकण्याबद्दल, आणि सुरुवात माझ्या हातून घडलेल्या चुकीपासून करतो.

बचत गटांच्या हिशेब लिहिणाऱ्या बायकांना मी मोबाइलवर नोंदी करायला शिकवत होतो. स्लाइडवर एका खऱ्या सभासद ताईंच्या खात्याचा स्क्रीनशॉट होता. नाव, मोबाइल नंबर, कर्जाची बाकी, सगळं त्यात. मी पॉवरपॉइंटमधला चौकोन घेतला, काळा रंग भरला आणि नाव-नंबरावर ठेवला. वर्ग छान झाला. संध्याकाळी बायकांनी फाइल मागितली, मी ग्रुपवर टाकली.

रात्री साडेनऊला फोन आला. "सर, मोठं करून बघायला बोट लावलं, तर काळी पट्टी खाली सरकली. या तर आमच्या आळीतल्याच!"

मी लगेच फाइल काढून टाकली, पण तोवर तिघीचौघींनी ती उतरवून घेतली होती. सकाळी ताईंकडे गेलो, माफी मागितली. त्या हळूच म्हणाल्या, "कर्जाचं घरात कुणाला सांगितलं नव्हतं हो." ते वाक्य आजही कानात आहे.

झालं काय होतं? पट्टी ही चित्रावर ठेवलेली वेगळी वस्तू. खालचं चित्र जसंच्या तसं. पुन्हा सांगतो, पट्टी वेगळी, चित्र वेगळं. पीडीएफ केली तरी पट्टीखालचं चित्र आत राहू शकतं. पॉवरपॉइंटमध्ये कडा कापली तरी कापलेला भाग सहसा फाइलमध्येच असतो. तिथलाच धूसर करण्याचा परिणामही Reset Picture दाबलं की निघून जातो.

म्हणून आधी झाका, मग लावा. स्क्रीनशॉट पेंटमध्ये उघडा, भरीव काळ्या चौकोनाने माहिती झाका, नव्या नावाने PNG म्हणून जतन करा आणि तेच चित्र स्लाइडवर घ्या. आकडे नुसते धूसर करू नका. ठरावीक वळणाचे आकडे धूसर असले तरी ओळखता येतात. आणि अख्खा पडदा स्लाइडवर कशाला कोंबायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. मागच्या रांगेतल्या बाईला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. बटण दाखवायचंय, तर बटणापुरतंच चित्र घ्या.

पाठवण्याआधी फाइलची एक प्रत करा, तिच्या नावातलं .pptx बदलून .zip करा आणि उघडा. आत ppt नावाचं फोल्डर, त्यात media. तिथे स्लाइडवरची सगळी चित्रं मूळ रूपात सापडतात. एकेक उघडून बघा. नंबर दिसला, तर तो फाइल घेणाऱ्यालाही दिसणार.

आता मी वर्गासाठी सरावाचं खातं वापरतो. नाव 'नमुना सभासद', नंबराच्या जागी दहा शून्यं. नमस्कार.