कोजागरीचा पेला आणि पोटातली कात्री

[दृश्य : गच्ची. पातेल्यात उकळणारं दूध, वर चंद्र. वेलदोड्याची पूड पडते.]

म्हशीचं दोन लिटर दूध. मामीनं ते तासभर आटवलं, जायफळ किसून घातलं, बदाम-पिस्त्यांची पूड घातली आणि बरोबर बारा वाजता चंद्राला दाखवून पेले भरले. मामांनी आपला पेला संपवला. दीडच्या सुमारास त्यांच्या पोटात गुरगुर सुरू झाली. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, कळ आली आणि पहाटेपर्यंत त्यांना तीनदा उठावं लागलं.

हे दर कोजागरीला व्हायचं. घरातले म्हणायचे, जागरण सोसत नाही. मामा म्हणायचे, जायफळ बाधतं. दुधावर कुणी संशय घेतला नाही, कारण मामा रोज तीन वेळा चहा पितात, जेवणात वाटीभर दही खातात, वरणभातावर तूप घेतात. ज्याला दूध चालत नाही त्याला हे सगळं कसं चालेल?

या प्रश्नाचं उत्तर त्या पेल्यातच आहे.

[दृश्य : पेल्यातलं दूध जवळून. मग रेखाचित्र : दोन मणी, मध्ये एक दुवा.]

दुधात स्वतःची एक साखर असते, लॅक्टोज. आपण तिला दुग्धशर्करा म्हणू. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन लहान साखरा एकमेकींना जोडल्या की दुग्धशर्करा तयार होते. आपलं आतडं एकेकटी साखर शोषून घेतं. जोडी मात्र त्याला घेता येत नाही. आधी जोडी तुटायला हवी.

ती तोडणारी कात्री म्हणजे लॅक्टेज नावाचं विकर, एन्झाइम. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्या पेशींच्या काठावर हे लॅक्टेज बसलेलं असतं. ते दोन साखरांमधला दुवा पाण्याच्या एका रेणूच्या मदतीनं उघडतं, सुट्या झालेल्या साखरा लगेच रक्तात जातात आणि विकर पुढच्या जोडीकडे वळतं. त्यात ते स्वतः खर्ची पडत नाही.

तान्ह्या बाळाला आईच्या दुधावर जगायचं असतं, म्हणून त्याच्याकडे लॅक्टेज भरपूर असतं. अंगावरचं दूध सुटल्यावर पुढच्या काही वर्षांत ते बनवण्याचा हुकूम बहुतेक माणसांत हळूहळू मंदावतो. जगातल्या जवळपास दोन तृतीयांश प्रौढांचं असंच होतं. त्यामुळे याला रोग म्हणणं मला पटत नाही. माणसाच्या शरीराची ही जुनीच रीत आहे. उलट ज्यांच्यात हे विकर जन्मभर टिकतं, त्यांच्यात एक बदल झालेला असतो. २००२ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी तो शोधला. लॅक्टेजच्या जनुकाच्या अलीकडे, १३,९१० अक्षरांच्या अंतरावर, एकच अक्षर बदललेलं होतं. तेच बदललेलं अक्षर भारतातही सापडतं, वायव्येकडे जास्त आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी.

मामांकडे ते अक्षर बहुधा नाही. म्हणजे त्यांच्या आतड्यात कात्र्या आहेत, पण मोजक्या.

[दृश्य : चहाचा कप, दह्याची वाटी आणि मसाला दुधाचा पेला शेजारी शेजारी.]

आता हिशेब करू. शंभर मिलिलिटर दुधात साधारण पाच ग्रॅम दुग्धशर्करा असते. एका कप चहात चाळीस मिलिलिटर दूध, म्हणजे दोन ग्रॅम. एवढं मामांच्या मोजक्या कात्र्या सहज उरकतात. तुपात ही साखर जवळजवळ नसतेच. दह्यात ती असते, पण विरजणातले जिवाणू तिच्यातली थोडी आधीच खाऊन टाकतात आणि उरलेली तोडायला स्वतःची कात्री पोटात घेऊन येतात. दही खाल्लं की ते जिवाणू आतड्यात पोहोचतात आणि तिथे त्यांचं विकर कामी येतं. (त्याच दह्याची कढी खळखळून उकळली तर जिवाणू मरतात आणि त्यांचं विकरही जातं.)

मसाला दुधाचं गणित वेगळं. आटवताना वाफ होऊन फक्त पाणी जातं, साखर सगळी पातेल्यातच राहते. दोन लिटरचं सव्वा-दीड लिटर झालं, म्हणजे दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात मूळच्या तीनशे मिलिलिटर दुधाचा ऐवज आला. पंधरा ग्रॅम दुग्धशर्करा, तीही एका दमात. लॅक्टेज कमी असलेल्या बऱ्याच जणांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही. मामांचा पेला त्या रेषेपलीकडे होता. खवा, पेढा, बासुंदी यांचंही हेच. चक्का मात्र निराळा, कारण फडक्यातून निथळणाऱ्या पाण्याबरोबर बरीचशी साखर निघून जाते. म्हणून मामांना श्रीखंड कधीच बाधलं नाही.

[दृश्य : आतड्याचं रेखाचित्र. न तुटलेल्या जोड्या खाली सरकतात.]

न तुटलेल्या जोड्या लहान आतड्यात पडून राहिल्या की त्या आपल्याकडे पाणी ओढतात. आतडं भरतं आणि सगळं घाईनं पुढे ढकललं जातं. दीड-दोन तासांत ते मोठ्या आतड्यात पोहोचतं. तिथे राहणाऱ्या कोट्यवधी जिवाणूंना ही मेजवानीच. ते साखर आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन असे वायू सुटतात. पाण्यानं जुलाब, वायूनं फुगणं आणि कळ. बाराला दूध आणि दीडला गुरगुर, हे वेळापत्रक इतकं नेमकं का होतं ते आता कळलं.

गेल्या वर्षी मी मामांना श्वासाच्या तपासणीला घेऊन गेले. माणसाच्या स्वतःच्या पेशी हायड्रोजन बनवत नाहीत. तो बनवतात जिवाणू. मग तो रक्तात शिरतो आणि फुप्फुसातून बाहेर पडतो. म्हणून आतड्यात काय चाललंय ते श्वासात मोजता येतं.

[दृश्य : नळीत फुंकर मारणारे हात. यंत्राचा पडदा.]

आदल्या रात्री मामांना फक्त साधा भात खायचा होता, त्यानंतर उपाशी राहायचं होतं. महिनाभरात प्रतिजैविकं घेतली नव्हती ना, हे आधी विचारून घेतलं, कारण त्या औषधांनी जिवाणूच कमी होतात आणि तपासणी फसते. सकाळी रिकाम्या पोटी त्यांच्या श्वासात हायड्रोजन होता दशलक्ष भागांत ४. मग पाण्यात विरघळवलेली पंचवीस ग्रॅम दुग्धशर्करा प्यायला दिली आणि दर अर्ध्या तासानं फुंकर मारायला लावली. पहिल्या अर्ध्या तासाला ५. तासाभरानं ९. दीड तासाला ३१. दोन तासांना ५८. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा वीसनं किंवा त्याहून जास्त वाढ झाली तर साखर पचली नाही असं धरतात. त्याच वेळी मामांचं पोटही बोलू लागलं होतं. आकडा आणि त्रास एकत्र यायला हवेत, नुसता आकडा पुरत नाही.

हा आकडा पहिल्या वीस-तीस मिनिटांतच उडाला असता, तर डॉक्टरांनी वेगळा विचार केला असता : जिवाणू लहान आतड्यातच वाढलेत का? आणि काही जणांच्या पोटात हायड्रोजन सुटतच नाही किंवा त्याचा मिथेन होतो. त्यांचा त्रास खरा असूनही आकडा सपाट राहतो.

[दृश्य : हातावर एक पांढरी गोळी.]

डॉक्टरांनी लॅक्टेजची गोळी सुचवली. यातलं विकर माणसाचं नसतं. बहुधा ते अ‍ॅस्परजिलस ओरायझी या बुरशीपासून काढलेलं असतं. जपानमध्ये मिसो आणि साके बनवतात तीच ही बुरशी. तिचं विकर थोड्या आम्लात टिकतं, म्हणून ते जठरातच कामाला लागू शकतं. ते शरीरात साठत नाही आणि मामांच्या आतड्याला नवं लॅक्टेज बनवायलाही शिकवत नाही. काम झालं की इतर प्रथिनांसारखं तेही पचून जातं. गोळी त्या एका पेल्यापुरतीच.

मामांची पहिली गोळी वाया गेली. त्यांनी ती नऊ वाजता जेवणानंतर घेतली आणि दूध प्यायले बाराला. तोवर गोळी कधीच पुढे निघून गेली होती. कात्री आणि कापड यांची भेटच झाली नाही.

दुसऱ्या वेळी मामीनं गोळी कुटून उकळत्या दुधात ढवळली. विकर हे प्रथिन आहे. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर जसा थिजतो, तसा उकळत्या दुधात विकराचा आकार मोडतो आणि आकार मोडला की धार गेली. मामांना रात्रभर पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळी गोळी पहिल्या घोटाबरोबर घेतली. रिकाम्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की ते या बुरशीच्या विकरालाही मारतं. दूध पोटात गेलं की आम्लाची धार कमी होते आणि विकराला मानवेल अशी स्थिती तयार होते. म्हणून गोळी आधी नाही, नंतर नाही, दुधाबरोबर.

गोळीवर ९,००० एककं लिहिली होती. बाजारात ३,००० आणि ४,५०० च्याही मिळतात. पण एवढी एककं म्हणजे इतके ग्रॅम साखर, असं सरळ गणित मांडू नका. हे एकक प्रयोगशाळेत, विकराला सोयीच्या आम्लतेत, दुग्धशर्करेऐवजी दुसऱ्याच एका पदार्थावर मोजलेलं असतं. जठर म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. तिथे किती वेळ मिळेल, सोबत काय खाल्लंय, यावर काम ठरतं. मामांना ९,००० मध्ये थोडी गुरगुर उरली, जुलाब झाले नाहीत. खाणं लांबलं तर मध्येच आणखी एक गोळी लागते.

एक गोष्ट मात्र मी ठासून सांगते. दुधानं अंगावर गांध्या उठत असतील, ओठ सुजत असतील, धाप लागत असेल, तर ती दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असू शकते. तिथे ही गोळी काहीही करत नाही आणि प्रयोग जिवावर बेतू शकतो. शौचातून रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, तर गोळी बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा. आणि हगवणीनंतर मुलाला अचानक दूध सोसेनासं झालं, तर आतड्याची वरची मखमल खरवडली गेलेली असते. ती काही आठवड्यांत भरून येते आणि लॅक्टेजही परततं.

[दृश्य : पुन्हा गच्ची. पातेलं.]

यंदा मामीनं लॅक्टोजमुक्त दुधाच्या पिशव्या आणल्या. त्यात डेअरीनंच विकर घालून जोड्या आधी तोडलेल्या असतात. तिथे बहुधा यीस्टचं विकर वापरतात, जे दुधासारख्या आम्ल नसलेल्या पदार्थात चांगलं चालतं. काम आधीच झालेलं असल्यानं हे दूध कितीही उकळलं तरी बिघडत नाही. फक्त सुट्या साखरा जोडीपेक्षा जास्त गोड लागतात आणि आटवताना दुधाचा रंगही लवकर बदामी होतो. मामीनं पहिला चमचा चाखला, साखरेचा डबा उघडला होता तो बंद केला आणि गॅस बारीक केला.

दीड वाजता मामा गच्चीवरच होते. पत्ते पिसत होते.