हिचा रिपोर्ट आला, आता माझीही तपासणी करा

नमस्कार श्रोतेहो.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्या दवाखान्यात पुरुष सहसा बाहेरच्या बाकावरच बसतात. बायको आत, नवरा बाहेर मोबाइल बघत. पण दीडेक वर्षापूर्वी एक गृहस्थ बायकोच्या आधीच आत आले. वय चाळिशीच्या जवळ, एका हातात बायकोचा रिपोर्ट आणि दुसऱ्या हातात स्वतःचा. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, हिला एचआयव्ही निघालाय. मी पण रक्त दिलं, माझा निगेटिव्ह आला. मग हिला आला कुठून?"

बायको दारात उभी होती. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

रिपोर्ट हातात घेतला. त्यावर एचआयव्ही नव्हतं, एचपीव्ही होतं. मधलं एक अक्षर वेगळं, आणि तेवढ्यावरून त्या घरात चार दिवस चूल धड पेटली नव्हती. हे दोन पूर्णपणे वेगळे विषाणू आहेत. एचआयव्ही रक्तात राहतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती पोखरतो. एचपीव्ही कातडीच्या आणि आतल्या नाजूक अस्तराच्या पेशींमध्ये राहतो, रक्तात फिरत नाही. शारीरिक संबंधातून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि त्याच्या काही प्रकारांमुळे बायकांना पुढे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून नवऱ्याने दिलेल्या त्या रक्ताचा या प्रश्नाशी काही संबंधच नव्हता. लॅबने त्यांच्याकडून एचआयव्ही आणि नागिणीसारखे फोड आणणाऱ्या हर्पिसची तपासणी करून घेतली होती, पैसे घेतले होते, पण हे रिपोर्ट बायकोच्या प्रश्नाचं उत्तर नाहीत, एवढं सांगायला तिथं कुणी नव्हतं.

आता बायकोच्या रिपोर्टमध्ये होतं काय? वय छत्तीस. पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा पॅप स्मिअर केला होता. ब्रशने तिथल्या पेशी अलगद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, ती ही तपासणी. त्यात पेशींमध्ये सौम्य बदल दिसले होते, आणि सोबत एचपीव्ही पॉझिटिव्ह. कॅन्सर मुळीच नव्हता. दुर्बिणीसारख्या यंत्रातून मी तिचं गर्भाशयमुख पाहिलं. याला कॉल्पोस्कोपी म्हणतात. सौम्य अॅसिटिक अॅसिड लावल्यावर बदललेला भाग पांढरा दिसतो, तिथला कणभर तुकडा तपासायला पाठवला. निदान आलं पहिल्या पायरीच्या बदलाचं. हे बदल बहुतेक वेळा शरीर स्वतःच पुसून टाकतं, म्हणून लगेच काही कापायचं किंवा जाळायचं नसतं. वर्षाने पुन्हा तपासायचं.

हे सगळं ऐकून गृहस्थ थोडे सैलावले. पण मूळ प्रश्न तसाच होता. "मग माझी एचपीव्हीची तपासणी करा ना. पैशाचं बघू नका."

श्रोतेहो, आजचं बोलणं मुख्यतः याच वाक्याभोवती आहे. कारण हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो आणि "गरज नाही" एवढ्या उत्तराने कुणाचं समाधान होत नाही. नवऱ्याला वाटतं, डॉक्टर काहीतरी लपवते आहे.

पुरुषांमध्ये एचपीव्ही शोधण्यासाठी नेहमीच्या वापरात मान्य झालेली तपासणीच नाही. रक्ताची नाही, लघवीची नाही, वीर्याची नाही. संशोधनासाठी पुरुषांचे नमुने घेतात, तेव्हा लिंगाच्या कातडीवर अगदी बारीक पॉलिश पेपर फिरवतात आणि मग ओला स्वॅब घासतात. का, तर तिथली कातडी जाड, कोरडी, तिच्यातून पुरेशा पेशी हाताला लागत नाहीत. शिवाय विषाणू लिंगाच्या टोकाला असेल, मुळाशी असेल, अंडकोषाच्या कातडीवर असेल. आज एका जागी सापडला नाही म्हणजे नाहीच, असं म्हणता येत नाही.

आणि समजा सापडला. पुढे काय करायचं? एचपीव्ही मारणारं औषध नाही, गोळी नाही, मलम नाही. बाईच्या बाबतीत तपासणीला अर्थ आहे, कारण गर्भाशयमुखावर एक अरुंद पट्टा असतो जिथे दोन प्रकारच्या पेशी एकमेकींना भेटतात, आणि हा कॅन्सर बहुधा तिथेच सुरू होतो. ती जागा दिसते, तपासता येते, बदल वाढले तर काढून टाकता येतात. आपल्या शेजारी, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, हे खेडोपाडी जाऊन सिद्ध झालं आहे. सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास होता, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने त्यात मोठं काम केलं. २००९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. पुरुषाच्या बाबतीत असा पट्टा नाही, तपासून पुढे करायचं असं काही नाही. अमेरिका, ब्राझील आणि मेक्सिकोतल्या पुरुषांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठल्याही क्षणी सुमारे निम्म्या पुरुषांच्या अंगावर एचपीव्हीचा कुठला ना कुठला प्रकार सापडत होता, आणि एकेक संसर्ग बहुधा वर्षाच्या आत आपोआप जात होता. म्हणजे आज पॉझिटिव्ह, दिवाळीनंतर निगेटिव्ह. त्या कागदाचं करायचं काय?

मग पुरुषाला यातून काहीच होत नाही का? होऊ शकतं. यातले काही प्रकार लघवीच्या जागी कोबीच्या फुलासारखे कोंब आणतात. ते प्रकार वेगळे, कॅन्सर आणणारे वेगळे. जोखमीच्या प्रकारांमुळे लिंगाचा, गुदद्वाराचा आणि घशाचा कॅन्सर होऊ शकतो, पण गर्भाशयमुखाच्या मानाने हे पुरुषांत बरेच कमी. म्हणून मी त्या गृहस्थांना सांगितलं, तपासणी नको, पण आंघोळीच्या वेळी एकदा नीट बघा. कोंब, न भरणारी जखम, गाठ, कातडीखालून रक्त किंवा घाण वास, किंवा कातडी मागेच सरकत नाही, यातलं काही असेल तर त्वचारोग व गुप्तरोगतज्ज्ञाकडे किंवा मूत्ररोगतज्ज्ञाकडे जायचं. काही नसेल तर तुमचं काम झालं. ज्यांना एचआयव्ही आहे किंवा ज्यांचे पुरुषांशी संबंध आहेत, त्यांनी मात्र गुदद्वाराच्या तपासणीबद्दल डॉक्टरांशी वेगळं बोलावं. त्यांच्यात तो धोका खरंच जास्त असतो.

यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "पण मॅडम, आला कुणाकडून?"

बायको तोवर बाहेर गेली होती. मी म्हटलं, हे मला सांगता येणार नाही आणि जगातल्या कुठल्याही डॉक्टरला सांगता येणार नाही. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो आणि मग तपासणीत दिसू लागतो. लग्नाआधीचा असेल, पंधरा वर्षांपूर्वीचा असेल, तुमच्याकडून तिला गेला असेल, तिच्याकडून तुम्हाला. रिपोर्टवर तारीख नमुना घेतल्याची असते, संसर्गाची नसते. या कागदावरून कुणी कुणाला निर्दोष ठरवू शकत नाही आणि दोषीही ठरवू शकत नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी गाडीवर होतो. ट्रकवर, सहा वर्षं." मी पुढे काही विचारलं नाही.

आता निरोधचा प्रश्न. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली गोष्ट, निरोधने एचपीव्ही अडतो का? बराचसा अडतो, पूर्ण नाही. निरोध लिंगाला झाकतो, पण विषाणू मुळाशी, अंडकोषावर, बाईच्या बाहेरच्या भागावरही असतो, आणि कातडीला कातडी लागली की जातो. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये नव्याने संबंध सुरू झालेल्या कॉलेजच्या मुलींचा अभ्यास झाला, २००६ साली छापला गेला. ज्यांच्या जोडीदाराने दर वेळी निरोध वापरला, त्यांच्यात नव्या संसर्गाचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी होतं.

पण आपले गृहस्थ नवे नाहीत. लग्नाला चौदा वर्षं झालेली. जो विषाणू एकाकडे आहे, तो दुसऱ्याकडे आधीच पोचलेला असणार असं धरून चाला. मग आता निरोध लावून काय उपयोग? बरेच डॉक्टर इथेच थांबतात, आणि ते चूक नाहीत. पण २००३ साली नेदरलँड्समधून एक छोटा, नेमका अभ्यास आला. गर्भाशयमुखावर असे बदल झालेल्या सव्वाशे बायका आणि त्यांचे जोडीदार. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एकाने निरोध वापरायचा, दुसऱ्याने नाही. दोन वर्षांत निरोधवाल्या गटात ५३ टक्के बायकांचे बदल नाहीसे झाले, दुसऱ्या गटात ३५ टक्के. पुरुषांच्या लिंगावरचे बारीक, सपाट डागही निरोध वापरणाऱ्यांत लवकर गेले, साधारण साडेसात महिन्यांत, नाहीतर चौदा महिने लागत होते. बहुधा एकमेकांना तोच विषाणू पुन्हा पुन्हा देणं थांबतं म्हणून. अभ्यास लहान आहे, त्यावर मी कुणाला सक्ती करत नाही. पण तपासणी ते तपासणी वर्षभर निरोध वापरायला तुमची दोघांची हरकत नसेल, तर वापरा, असं मी सांगते. मूल हवं असेल तर एचपीव्हीसाठी निरोध वापरून वाट बघत बसू नका.

एक बारीक गोष्ट. आपल्याकडे घरात हाताशी खोबरेल तेल असतं. ते निरोधला लावू नका, तेलाने रबर कमजोर होतं आणि फाटतं. व्हॅसलीनचंही तसंच. पाण्यात विरघळणारं वंगण औषधाच्या दुकानात मिळतं. निरोध सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतो, मागायला लाजू नका.

लशीचंही विचारलं त्यांनी. स्वतःसाठी. लस नवा संसर्ग येऊ देत नाही, असलेला घालवत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक नावाची लस आपल्याकडे मुलगे आणि मुली दोघांनाही देता येते, पण ९ ते २६ या वयात. त्यांचं वय निघून गेलेलं. घरी मुलगी बारा वर्षांची, मुलगा दहाचा. चौदा वर्षांपर्यंत दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. मुलीचं ऐकून त्यांनी मान डोलावली, मुलाचं ऐकून दचकले. "त्याला कशाला?" मी म्हटलं, तुम्हीच अर्धा तास झाला विचारताय ना, पुरुषाचं काय म्हणून?

वर्षभराने दोघं पुन्हा आले. या वेळी नवरा आत आला तो बायकोच्या मागून. पॅप स्मिअर साफ होता, पण एचपीव्ही अजून पॉझिटिव्ह. असंही होतं. बायको मिश्री लावायची, ती सोडायला सांगितली होती, कारण तंबाखूने शरीराला हा विषाणू हटवणं अवघड जाऊ शकतं. अर्धी सोडली आहे म्हणाली. पुन्हा एका वर्षाने बोलावलं आहे. नवऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचा मोबाइलने फोटो काढला, आणि मला विचारलं, "तोवर निरोध चालू ठेवायचा ना?" मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "ठेवू या की."