उतरायचं स्टेशन

(कथालेखन शिबिरातलं भाषण, थोडं संपादित करून)

मित्रहो, गाडीत भेटलेल्या दोन अनोळखी माणसांनी पुस्तकांची अदलाबदल केली, एवढ्यावर कथा उभी राहत नाही. मी आधी तशीच लिहिली होती. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस, खिडकीपाशी समोरासमोर बसलेली एक निवृत्त शिक्षिका आणि तलाठी भरतीची तयारी करणारा मुलगा. दोघं बोलतात, वाचतात, उतरतात. कुणाचं काही अडतच नव्हतं.

मग लक्षात आलं, मी दोघांनाही गोंदियाचं तिकीट काढून दिलं होतं. बाईंना बडनेऱ्याला उतरवलं आणि गोष्ट हलली. आता मुलाला कादंबरी त्याआधी संपवायला हवी होती. शिवाय ती कादंबरी मी वाचनालयाची केली. मागच्या पानावर तारखेचे शिक्के, परत करायला आठ दिवस उरलेले. म्हणजे जी वस्तू बाई देतात, ती त्यांची नाहीच.

कराड सोडल्यावर अदलाबदल होते. रात्री पुण्याला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात आणि गाडी उलट दिशेने निघते. डब्यातली माणसं जागा बदलतात, कुणीतरी विचारतं, "परत कोल्हापूरला चालली की काय?" मुलाला यातलं काही कळत नाही, तो वाचत असतो. हा प्रसंग लिहिल्यावर 'तो पुस्तकात रंगून गेला' हे वाक्य मी खोडलं.

बाईंच्या हातात त्याचं गणिताचं गाइड. त्यातलं एक गणित मी जसंच्या तसं कथेत ठेवलंय. 120 मीटर लांबीची गाडी ताशी 54 किलोमीटर वेगाने 180 मीटरचा पूल किती सेकंदांत ओलांडेल? मुलाने पेन्सिलीने लिहिलंय, 12. त्याने नुसता पूल मोजला. गाडीचं शेवटचं चाकसुद्धा पुलावरून उतरायला हवं, म्हणजे 300 मीटर, सेकंदाला 15 मीटरने 20 सेकंद. बाई उत्तर खोडत नाहीत, समासात फक्त लिहितात, 'गाडीची लांबी?'

तोवर तो त्यांना 'काकू' म्हणत असतो. सकाळी ते अक्षर पाहतो आणि म्हणतो, "बाई, हे तुम्ही लिहिलंत?" त्या शिक्षिका आहेत हे मी वाचकाला तोपर्यंत सांगितलेलंच नाही.

बडनेरा येतं तेव्हा वीसेक पानं उरलेली असतात. मुलगा बोट खुणेला ठेवून पुस्तक मिटतो, पुढे करतो. बाई पिशवी उचलतात. "शिक्का बघ मागचा," म्हणतात. "वाचनालयाचा पत्ता आहे त्यावर. पोस्टाने पाठव." आणि उतरतात.

पहिल्या खर्ड्यात पुढे पार्सल पोचत होतं, आत चिठ्ठी होती, मुलाला नोकरीही लागली होती. ती दीड पानं मी काढून टाकली. शिबिरात मागे एकांनी विचारलं, पुस्तक परत आलं का? मी सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. माझी कथा संपते तेव्हा गाडी वर्ध्याकडे निघालेली आहे आणि मुलाने ते बोट अजून पानातून काढलेलं नाही.