सोसायटीच्या नोटीशीतली शेवटची ओळ

नमस्कार मंडळी. सप्टेंबर आला की पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत लिफ्टशेजारी वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस लागते, कारण ३० सप्टेंबरच्या आत ही सभा घ्यावीच लागते. आपण विषयपत्रिका वाचतो, हिशेब, ऑडिटरची नेमणूक, रंगकाम, आणि पुढे निघतो. पण सर्वांत तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते. आज तिच्याबद्दलच बोलू.

"गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी ११ वाजता घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही."

समजा, कोथरूडची ४८ सभासदांची सोसायटी आहे. सभा रविवारी, २० तारखेला, सकाळी १० वाजता. नोटीस पूर्ण १४ दिवस आधी हवी. त्यात नोटीशीचा दिवस धरायचा नाही आणि सभेचाही नाही, म्हणजे ती ५ तारखेपर्यंत हातात पडायला हवी. गणपूर्ती म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान हजेरी. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातला कमी आकडा. ४८ चे दोन तृतीयांश ३२ होतात, म्हणून इथे २० पुरतात. १२ सभासदांची छोटी सोसायटी असेल तर ८.

आता १० वाजता १७ जण आले. अर्धा तास वाट पाहिली, कोणी वाढलं नाही, सभा तहकूब. ११ वाजता तेच १७ जण बसतात आणि सभा वैध ठरते! ठराव हजर असलेल्यांच्या बहुमताने होतो. सगळ्यांनी मत दिलं तर ९ हात वर झाले की ४८ घरांवर तो बंधनकारक. मला वाटतं, हे गणित प्रत्येक सभासदाला आधी माहीत हवं.

ती ओळ नोटीशीत नसेल तर मात्र त्याच दिवशी सभा घेता येत नाही. किमान ७ दिवसांनी आणि ३० दिवसांच्या आत दुसरी तारीख द्यावी लागते. आणि तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय. "जमलोच आहोत तर पार्किंगचंही ठरवून टाकू," असं कोणी म्हणालं तर थांबवा.

मताचं सांगतो. एका सभासदाला एकच मत, फ्लॅट केवढाही असो. नवरा-बायको दोघांची नावं असली तरी मत एकच, ते पहिल्या नावाचं, ती व्यक्ती नसेल तर दुसऱ्या नावाचं. शेजाऱ्याकडे चिठ्ठी देऊन मत पाठवता येत नाही. समसमान मतं पडली तर अध्यक्षांचं निर्णायक मत.

पुनर्विकासाचा विषय असेल तर २० चा आकडा विसरा, तिथे दोन तृतीयांशच लागतात. आपल्या उदाहरणात ३२.

आणि सभेला गेलात की हजेरीपटावर सही करा. सभा किती वाजता तहकूब झाली आणि तेव्हा किती जण होते, हे सचिवांना इतिवृत्तात लिहायला सांगा. पुढे वाद झाला तर पहिल्यांदा तीच दोन पानं उघडली जातात.