येऊ शकत नाही, हे कसं लिहावं
(फोंडा येथे लेखक-शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

इथे बसलेल्या बहुतेकांना तो फोन कधी ना कधी आलेला आहे. "सर, आमच्या मुलांना तुमचं मार्गदर्शन हवंय." तारीख ठरलेली असते, विषय ठरलेला असतो, आपल्या लेखनाचं कौतुकही होतं. पैशाचं ते बोलत नाहीत आणि भिडेपोटी आपणही विचारत नाही. मग घरी येऊन आपण चिडतो. आज बोलायचंय ते नकाराच्या पत्राबद्दल, पण आधी एक गोष्ट सांगतो.

मला लातूरकडच्या एका महाविद्यालयाचं निमंत्रण आलं. विषय, गोव्यातले जागर आणि रणमाले हे लोकनाट्यप्रकार. माझ्या अगदी आवडीचा. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "मानधनाची तरतूद नाही, प्रवास कृपया स्वखर्चाने करावा." आता फोंड्याहून लातूर म्हणजे आधी कोल्हापूर, मग सोलापूर, मग लातूर. सहाशे किलोमीटरच्या आसपास. जायला एक रात्र आणि वर अर्धा दिवस, यायला तेवढंच, आणि भाषण एका तासाचं. सोबत कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा नमुना होता. रंगीत छपाई, मांडव, ध्वनिव्यवस्था, जेवण, स्मृतिचिन्हं, सगळ्याची सोय झालेली. मांडववाल्याला कुणी "आपलेच आहात, सांभाळून घ्या" म्हणत नाही. ते फक्त वक्त्याला म्हणतात, आणि याचा मला खरोखर राग येतो. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या प्राथमिक शाळेने बोलावलं तर मी मानधनाचा शब्द काढत नाही, आनंदाने जातो. मानधन सोडायचं की नाही, हा माझा प्रश्न. पण प्रवासाचा खर्च हा त्यांच्या कार्यक्रमाचाच खर्च आहे. तो वक्त्याच्या खिशातून जावा, हे मला पटत नाही.

पण हा राग पत्रात उतरता कामा नये. निमंत्रण लिहिणारा बहुधा एखादा तरुण प्राध्यापक असतो. अंदाजपत्रक त्याने ठरवलेलं नसतं.

म्हणून लिहिण्याआधी स्वतःला एकच विचारावं: यांनी खर्च दिला तर मी जाईन का? जाणार असाल तर नकार नंतर, आधी सरळ फोन करा. "प्रवासखर्च आणि मुक्कामाची सोय होऊ शकेल का?" एवढंच. मागून कळवण्यापेक्षा हे बरं, कारण एकदा नाही म्हटल्यावर पैशाचा विषय काढला की ती घासाघीस वाटते. आणि वेळच नसेल, जायचंच नसेल, तर पत्रात पैशाचा उल्लेखही करू नका. ते बिचारे शिक्षकांकडून वर्गणी काढून पैसे उभे करतात, आणि मग तुम्हाला माघार घ्यायला तोंड राहत नाही.

मी फोन केला. तरतूद होणार नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. त्याच संध्याकाळी हे पत्र पाठवलं:

"सप्रेम नमस्कार. जागर आणि रणमाले आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावेत असं आपल्याला वाटलं, याचा आनंद झाला. मात्र लातूरला येणं मला जमणार नाही. एवढा लांबचा प्रवास मी स्वखर्चाने करत नाही. चालत असेल तर त्याच दिवशी सकाळी ११ वाजता व्हिडिओ कॉलवर पाऊण तास बोलेन. मुलांचे प्रश्न आधी मिळाले तर उत्तम. सोयीचं आहे की नाही ते शनिवारपर्यंत कळवावं."

यात "बहुतेक" नाही, "प्रयत्न करतो" नाही. "मी करत नाही" हे माझ्याबद्दलचं वाक्य आहे, त्यांच्यावर ठपका नाही. "आपण मानधन देत नसल्यामुळे" असं लिहिलं असतं तर तोच मजकूर दुखावणारा झाला असता. आणि जे देऊ केलं ते खरोखर करण्याची माझी तयारी होती. पाऊण तासाच्या बोलण्यालाही मेहनत लागते. तेवढी करायची नसेल तर पर्याय सुचवूच नये.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत, तेव्हा राहिलेलं भरभर सांगतो. "बघतो, कळवतो" म्हणू नका. आयोजक त्याला होकार समजतो आणि पत्रिकेत तुमचं नाव छापून येतं. उत्तर एक-दोन दिवसांत द्या, कारण त्याला छपाईआधी दुसरा वक्ता शोधायचा असतो. आजारपणाचं कारण देऊ नका. गोवा केवढासा! त्याच दिवशी मडगावच्या कार्यक्रमातला तुमचा फोटो पेपरात येतो आणि तो लातूरपर्यंत पोहोचतो. दुसऱ्या कुणाचं नाव सुचवायचं असेल तर आधी त्या माणसाला विचारा, आणि मानधन नाही, प्रवास स्वखर्चाने आहे, हेही त्याला स्पष्ट सांगा. नाहीतर आपली अडचण आपण त्याच्या गळ्यात बांधतो.