दुःखात घुसलेला कोलन

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा विषय निघाला की सगळे इंग्रजी शब्दात रशियन लिपीतला ‘ए’ घुसवल्याची गोष्ट सांगतात. ती खरीच आहे, पण आपल्या घरात त्याहून जुना घोळ चालू आहे आणि तो आपणच घालतो. विसर्ग. विसर्गाच्या जागी आपण सर्रास कोलन टाईप करतो, कारण कोलन समोर दिसतो, आणि इनस्क्रिप्टमध्ये विसर्ग शिफ्ट धरून मायनसच्या की वर आहे हे किती जणांना माहितीये?

मी एका वाचनालयाची यादी नीट करत होतो. ‘दुःख’ शोधलं तर चार पुस्तकं आली, कपाटात मात्र सात. उरलेल्या तिघांची नावं स्क्रीनवर अगदी तशीच दिसत होती, मग एक नाव कॉपी करून तोडून बघितलं:

```
for c in "दु:ख": print(hex(ord(c)))
0x926
0x941
0x3a
0x916
```

तिसरी ओळ बघा. विसर्ग असता तर तिथे 0x903 आलं असतं, 0x3a म्हणजे साधा कोलन. गंमत म्हणजे दोन्ही शब्दांची लांबी चारच भरते, त्यामुळे अक्षरं मोजून काही कळत नाही, पण यूटीएफ-8 मध्ये बाइट मोजले तर खरा ‘दुःख’ 12 आणि हा 10. शिवाय बरेच प्रोग्राम कोलन दिसला की तिथे शब्द संपला असं धरतात, म्हणजे यादीत ‘दु’ आणि ‘ख’ असे दोन तुकडे पडतात आणि आख्खा शब्द कुणालाच सापडत नाही.

कुणी म्हणेल, नॉर्मलायझेशन चालवा की. चालवलं, काहीही झालं नाही, कारण युनिकोडच्या हिशोबात ही दोन वेगळी चिन्हं आहेत. हां, युनिकोडची फसव्या जोड्यांची एक वेगळी यादी आहे, confusables.txt, तिच्यात विसर्ग-कोलन जोडी आहे, पण ती विसर्गाचा कोलन करते, आपल्याला पाहिजे त्याच्या बरोब्बर उलटं! तुलना करण्यापुरतं ठीक, मूळ मजकूर त्याने दुरुस्त करू नका.

मी मग एवढंच केलं, कोलनच्या दोन्ही बाजूंना चिकटून देवनागरी अक्षर असेल तरच बदल:

```
re.sub(r"(?<=[\u0900-\u094F]):(?=[\u0904-\u0939])", "ः", s)
```

यात देवनागरी आकडे मुद्दाम घेतले नाहीत, नाहीतर १०:३० ची वाट लागली असती. ‘अंत:करण’, ‘नि:शुल्क’ सुधारले, पण कुणी जागा न सोडता ‘विषय:पाणी’ लिहिलं असेल तर तिथेही विसर्ग बसतो, ते डोळ्यांनी बघावं लागलं. शब्दाच्या शेवटी तर नियम चालतच नाही, ‘स्वत:’ मध्ये विसर्ग हवा आणि ‘दिनांक:’ मध्ये कोलनच बरोबर. त्यासाठी स्वतः, मुख्यतः, विशेषतः, अंशतः, सामान्यतः अशी हाताने यादी केली, आणि अजूनही अधूनमधून तिच्यात एखादा शब्द घालतोच आहे.